पुलावर थांबलेला ठिपका

धरणातून पाणी सोडल्याची बातमी दुपारी आली आणि शहरातल्या बहुतेक शाळांनी मुलांना लवकर सोडलं. आमची कंपनी शाळेच्या बसगाड्यांचा माग ठेवते. प्रत्येक बसमधलं यंत्र दर काही सेकंदांनी आपली जागा कळवतं, ती क्लाउडवरच्या एका टेबलमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, नोंदली जाते आणि पालकांना मोबाइलवर नकाशावर ठिपका दिसतो. त्या टेबलची जबाबदारी माझ्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याची रचना आमच्या टीम लीडनं केली होती, कंपनीत मोजकीच माणसं होती तेव्हा.

खराडीच्या ऑफिसात आम्ही जेवून जागेवर बसतोय तोच स्क्रीनवर लाल ओळी यायला लागल्या. ‘ठरवलेली क्षमता ओलांडली’ असं सांगत टेबल नोंदी परत पाठवत होतं. आधी तुरळक, मग सलग.

लीड माझ्या मागे येऊन उभा राहिला. "क्षमता वाढव."

आमचं टेबल तेव्हा ठरीव क्षमतेवर चालायचं. सेकंदाला किती नोंदी लिहायच्या हे आधीच सांगून ठेवायचं, तेवढी सोय आपल्यासाठी राखीव. मी आकडा दुप्पट केला. तो लागू झाला, पण लाल ओळी थांबल्या नाहीत. आलेखाकडे पाहिलं तर आणखीच चक्रावले. आमचा वापर राखीव क्षमतेच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

"हे बघा, जागा शिल्लक आहे," मी म्हणाले. "तरी नाही म्हणतंय."

"आलेख मिनिटाची सरासरी दाखवतो. मधेच उसळी येत असेल. ऑन-डिमांडवर टाक, म्हणजे कटकटच नको."

ऑन-डिमांड म्हणजे आधी काही ठरवायचं नाही, जेवढं लिहू तेवढ्याचं बिल. मी बदल करायला घेतला. तेवढ्यात मदतकक्षातली मुलगी धावत आली. तिच्याकडचे सगळे फोन वाजत होते, म्हणून काही आमच्याकडे वळवले होते. माझ्या जागेवरचा फोन मी उचलला.

"तुमच्या नकाशात माझ्या नातीची बस नदीवरच्या खालच्या पुलावर उभी आहे," पलीकडून एक वयस्कर आवाज म्हणाला. "बराच वेळ उभी आहे. पूल पाण्याखाली जाणार असं टीव्हीवर सांगतायत. आपण काय करताय, ते कळेल का?"

मी बसचा क्रमांक विचारला. शेवटची नोंद खरोखरच पुलावरची होती. त्यानंतरच्या नोंदी टेबलनं घेतल्याच नव्हत्या.

"आजोबा, ठिपका जुना आहे. बस पुढे गेलेली असणार."

"असणार की गेलीये?"

शाळेचा फोन लागत नव्हता, ड्रायव्हर गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. मी हे सांगितलं.

"ठीक आहे. मग मीच बघून येतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी लगेच परत लावला, तो नुसताच वाजत राहिला.

एव्हाना टेबल ऑन-डिमांडवर गेलं होतं. त्रुटीचे शब्द थोडे बदलले, नोंदी मात्र नाकारल्याच जात होत्या. उलट वाढल्या, कारण नाकारलेली नोंद आमचे सर्व्हर पुन्हा पाठवत होते आणि त्यात नव्यांची भर पडत होती. डोळ्यांसमोर सारखा तो पूल येत होता.

मी नाकारलेल्या नोंदी उघडून एकेक वाचायला लागले. बस वेगळी, शाळा वेगळी, गावही वेगळं, पण प्रत्येक नोंदीची मुख्य ‘की’, म्हणजे ती कुठे ठेवायची हे ठरवणारी खूण, एकच. आजची तारीख.

असं टेबल आतून तुकड्यांत विभागलेलं असतं, पार्टिशन म्हणतात त्यांना. कोणती नोंद कुठल्या तुकड्यात जाणार हे मुख्य कीवरून ठरतं. प्रत्येक तुकड्याला स्वतःची मर्यादा असते, सेकंदाला साधारण हजार छोट्या नोंदी. टेबलला एकूण कितीही क्षमता द्या, ठरीव ठेवा नाहीतर ऑन-डिमांड, ती मर्यादा हलत नाही. आमच्या सगळ्या बसगाड्या तारखेच्या एकाच तुकड्यावर येऊन आदळत होत्या आणि बाकीचे तुकडे रिकामे बसले होते. एरवी शाळा वेगवेगळ्या वेळी सुटतात म्हणून ते निभावलं होतं.

"की तारखेची आहे," मी लीडला म्हणाले. "क्षमतेचा प्रश्नच नाहीये."

"फार भार आलेला तुकडा क्लाउडवाले स्वतःच फोडतात. थोडा वेळ दे."

"आपली दुसरी की, तारखेच्या आत क्रम लावणारी, वेळेची आहे. फोडला तरी नवी नोंद शेवटच्याच तुकड्यात जाणार."

तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "सगळ्या बस एका पडद्यावर वेळेच्या क्रमानं हव्या होत्या," तो हळू म्हणाला. "तेव्हा चाळीस बस होत्या गं."

टेबलची की नंतर बदलता येत नाही, पण कीमध्ये काय लिहायचं ते आपल्या हातात असतं. आम्ही तारखेपुढे एक अंक जोडायचं ठरवलं, बसच्या क्रमांकावरून निघणारा, शून्य ते नऊ. म्हणजे आजच्या नोंदी एका कीऐवजी दहा कींवर वाटल्या जातील. वाचताना मात्र दहाही ठिकाणी विचारून वेळेप्रमाणे जुळवावं लागणार. लिहिण्याचा भाग मी केला, वाचण्याचा त्यानं. एरवी अशा बदलाची तपासणी दोन दिवस चालते. त्या दिवशी आम्ही एकमेकांचा कोड वाचला आणि थेट चालू केला.

लाल ओळी विरळ होत थांबल्या. ठिपके हलले. नातीची बस पूल ओलांडून कधीच पुढे गेली होती आणि तिच्या थांब्यांवरून रिकामी होऊन परत निघाली होती. मी आजोबांना फोन लावला. उचलला नाही.

विश्रांतवाडीला घरी जाताना बसमध्येही दोनदा लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच उचलला. "नात काल वेळेत घरी आली," ते म्हणाले. "मी नाही आलो. पुलाच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं, तिथल्या चिखलात घसरलो. मनगट मोडलंय."

मी माफी मागितली. काय झालं होतं ते सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे बस कुठे आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मग ठिपका कशाला दाखवलात? माहीत नाही असं लिहायचं."

मी त्यांचं हे वाक्य ऑफिसातल्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. कोणी हसलं नाही. आता नोंद जुनी झाली की ठिपका करडा होतो आणि त्याखाली शेवटची खबर कधीची ते दिसतं. बसचा क्रमांक आणि तारीख मिळून की असलेलं नवं टेबलही आम्ही केलं. क्षमतेवरून मात्र बराच वाद झाला. लीडचं म्हणणं, शाळेच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या वेळांना क्षमता वाढवायची आणि एरवी कमी ठेवायची. ते बरोबरच होतं, स्वस्तही पडलं असतं. पण गर्दी पाहून ठरीव क्षमता आपोआप वाढवणारी सोय जागी व्हायला काही मिनिटं घेते आणि अचानक सुटलेली शाळा वेळापत्रकात नसते. शेवटी पावसाळाभर ऑन-डिमांड, नंतर ठरीव, असं ठरलं.

महिन्याभरानं मी आजोबांना पुन्हा फोन केला. प्लास्टर निघालं होतं, बोटं पूर्ण मिटत नव्हती. करड्या ठिपक्याचं सांगितलं.

"बरं केलंत," ते म्हणाले. "मी ते ॲप काढून टाकलंय. आता थांब्यावर जाऊन उभा राहतो."