सगळं काढ

ताईला कोणी विचारलं की तुम्ही काय करता, तर ती म्हणते, नक्षी काढते. त्यावर आमचा भाऊ मागून म्हणणार, माशा मारते. आणि आई पलंगावरून हसणार. त्याला टक्कल पडलं तरी आईच्या लेखी तो अजून बाळच आहे, म्हणून आम्हीही त्याला बाळच म्हणतो. मी मधली. लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेले, म्हणून वाचले. ताई वाचली नाही.

ती बसते आतल्या खोलीत, धुण्याच्या दोरीखाली. तिथे जुना कॉम्प्युटर आहे. भरतकामाच्या मशीनला स्वतःचं डोकं नसतं. कुठला धागा, कुठून कुठे, किती घट्ट, हे कोणीतरी टाका टाका आखून द्यावं लागतं. ताई ते आखते. एका पाकळीवर सकाळ घालवते, पसंत पडली नाही तर पुसते आणि पुन्हा काढते. मध्येच आईला कुशीवर वळवायचं, बाळाचा डबा भरायचा, की परत पाकळीवर. इतक्या वर्षांची सगळी नक्षी त्या कॉम्प्युटरमध्ये होती. मशीनवर भरलेलं कापड गिऱ्हाईक घेऊन जायचं, तिच्याकडे उरायची ती फक्त फाइल.

मग परगावच्या एका भरतकामाच्या कारखान्याने तिला बोलावलं. नोकरी, वर राहायला खोली. मालकीणबाईंनी एवढंच सांगितलं होतं, सोमवारी या आणि तुमचं आजवरचं काम दाखवा. ताईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी बॅग विकत घेतली. बाळ ती बॅग बघून म्हणाला, "म्हातारपणी पंख फुटले वाटतं." आईचं कोण करणार, हा प्रश्न त्याने विचारला नाही. आईनेच विचारला, दिवसातून दहादा, आणि रडून.

रविवारी सकाळी ताईचा मला फोन. आवाज असा की मला वाटलं आई गेली. कॉम्प्युटरने रात्री अपडेट घेतलं होतं आणि आता तो सुरूच होत नव्हता. म्हणजे सुरू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दिसायचं, ठिपके गोल फिरायचे, स्क्रीन काळी, की पुन्हा चिन्ह. मी जाऊन पाहिलं तर तेच. बाळ दारात चहा पीत उभा. म्हणाला, "तुझ्यासारखाच आहे गं ताई, गोल फिरतो आणि कुठेच पोचत नाही." याच्या मुस्काटात द्यावी असं मला फार वाटलं.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. दुकान बंद होतं, गृहस्थ एका लग्नाला निघाले होते, तरी भला माणूस, फोनवर सांगत राहिला. चिन्ह दिसलं की बटण दाबून धरा, बंद होऊ द्या. असं दोन-तीनदा केलंत की तो स्वतःच ओळखतो काहीतरी बिघडलंय, आणि दुरुस्तीची निळी स्क्रीन आणतो. आली. मग बाळाने खुर्ची ओढली, कारण इंग्रजी वाचायचं होतं आणि ऑफिसात तो दिवसभर तेच करतो. ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली. चार दाबा, दुरुस्तीवाला म्हणाला. दाबलं आणि सेफ मोड उघडला. चित्रं मोठी मोठी, रंग फिके, कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं. पण ताईचा फोल्डर होता. तिने उघडून पाहिला, सगळ्या फाइल जागच्या जागी. ताई रडायला लागली.

दुरुस्तीवाल्याने बजावून सांगितलं, आणि फोन स्पीकरवर होता, म्हणजे ऐकलं सगळ्यांनी. आधी फाइल पेनड्राइव्हवर घ्या. मग त्याच निळ्या स्क्रीनवर जाऊन शेवटचं अपडेट अनइन्स्टॉल करा. नाही जमलं तर सिस्टिम रिस्टोअर, मशीन मागच्या तारखेला जातं, तुमच्या फाइलना धक्का लागत नाही. पण 'रिसेट'ला हात लावू नका. रिस्टोअर वेगळं, रिसेट वेगळं.

घरात पेनड्राइव्ह नव्हता. मी आणायला गेले. रविवार, अर्धी दुकानं बंद, तंगडतोड करून एक मिळाला.

परत आले तर ताई हसत होती. म्हणाली, बाळाने मनावर घेतलं बघ, तोच काढून देतोय सगळं, पेनड्राइव्हही नको म्हणाला. स्क्रीनवर एक आकडा टक्क्याटक्क्याने सरकत होता आणि वर लिहिलं होतं, रिसेटिंग धिस पीसी. तेवढं इंग्रजी मलाही येतं, ताईला नाही.

झालं असं होतं. मी गेल्यावर बाळाने मशीन पुन्हा निळ्या स्क्रीनवर नेलं आणि रिसेट उघडलं. तिथे दोन पर्याय येतात. एकात फाइल ठेवायच्या, दुसऱ्यात सगळं उडवायचं. ते बाळाने ताईला मराठीत विचारलं.

"ताई, फाइल आतच ठेवू, की सगळं काढू?"

"काढ रे बाबा, सगळं काढ. एकही आत ठेवू नकोस."

आपल्या भाषेत फोटो काढतात, नक्षी काढतात, विहिरीत पडलेल्या माणसालाही काढतात. ताईला काढ म्हणजे बाहेर काढ, वाचव. तिला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं, आणि हे बाळाला पक्कं माहीत होतं.

मी प्लगकडे धावले तर तो आडवा उभा राहिला. म्हणाला, मध्येच बंद केलंस तर मशीन कायमचं जाईल. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तिकडे बँड वाजत असणार, कोणी उचलला नाही. तेव्हा कुठे ताईच्या लक्षात आलं. ती आकड्याकडे बघत राहिली आणि तो आकडा संध्याकाळपर्यंत सरकत होता. बाळ सगळा वेळ प्लगपाशी पेपर वाचत बसला होता. आई विचारत होती, झालं का रे बाळ, दुरुस्त झालं का?

झालं. कॉम्प्युटर कोरा करकरीत सुरू झाला.

सोमवारी ताई गेली नाही. कोरी बॅग दाखवायला जायचं का? कारखान्याला फोन तिनेच केला. मी मशीन उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने पुसलेलं शोधायचं साधन लावलं, पण फाइल सोडाच, एक तुकडाही सापडला नाही. मग त्याने मला विचारलं, हे कोणी केलं?

"जुनी डिस्क आहे, साधं पुसलं असतं तर काहीतरी निघालं असतं," तो म्हणाला. "रिसेट आणखी एक विचारतं. नुसत्या फाइल पुसू, की ड्राइव्ह पूर्ण साफ करू? शिवाय शेवटी नक्की ना म्हणूनही विचारतं. पूर्ण साफ मुद्दाम निवडावं लागतं, चुकून होत नाही. म्हणून तर एवढा वेळ लागला."

हे प्रश्न ताईला कोणी मराठीत विचारले नव्हते.

मी तडक घरी गेले. बाळ जेवत होता, ताई त्याला वाढत होती. मी तोंडाला येईल ते बोलले. बाळाने मान वर केली नाही. "तिला विचारूनच केलं," म्हणाला. "तीच म्हणाली सगळं काढ. विचार आईला." आईने हो म्हटलं. आईने खरोखरच ऐकलं होतं.

मी ताईला स्वयंपाकघरात ओढलं आणि दुरुस्तीवाल्याचं सगळं बोलणं सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "काल तू आईपाशी होतीस तेव्हा मी त्याला म्हटलं, बाळ, थांबव. तर म्हणाला, 'आता कुठे जाशील?' तू मात्र हे कोणाला सांगू नकोस. मला इथेच राहायचंय, त्याच्याच घरात."

बाहेरून बाळाने पोळी मागितली. ती घेऊन गेली.