खरी तारीख दुरुस्त करायचा अर्ज

ये, अशी जवळ बस. तो मोबाइल आधी पालथा ठेव. मागे फोनवर तू काय म्हणालीस ते मी विसरले नाही हं. "तारीखच तर चुकली ना मावशी, एक अर्ज टाकला की झालं." टाकला की झालं म्हणे. तिकडे नेरले बसून बोलायले काय जाते तुझं. त्या एका अर्जापायी तुझ्या मामाने आम्हाले कसं नाचवलं ते सांगते, आता मधी बोलू नको.

तुझा मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि त्याची ती एकच पोरगी. आपल्या तांड्यातली पहिली ग्रॅज्युएट. पुसदच्या कॉलेजात शिकली, मग परीक्षांमागून परीक्षा देत राहिली, आणि शेवटी जिल्हा परिषदेच्या नोकरीच्या यादीत तिचं नाव लागलं. आम्ही पेढे वाटून मोकळे झालो. मग तिले कागदपत्रांच्या पडताळणीले बोलावलं. तिथल्या साहेबाने दहावीचं प्रमाणपत्र एका हातात धरलं, पदवीची मार्कशीट दुसऱ्या हातात धरली, आणि चष्म्यावरून पोरीकडे पाहिलं. दहावीवर जन्मतारीख एक जून. मार्कशीटवर नोव्हेंबर महिना. साहेब म्हणाला, बाई, तुम्ही दोनदा जन्मल्या काय? आम्ही दहावीचीच तारीख धरतो, पण हा फरक असा ठेवता येत नाही. विद्यापीठाकडून मार्कशीट दुरुस्त करून आणा. महिनाभराची मुदत दिली. तेवढ्यात नाही आणली तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराले बोलावणार.

आता ही नोव्हेंबरची तारीख मार्कशीटवर आली कुठून? तर ऐक.

पोरगी जन्मली तेव्हा तिचा बाप बायकोले घेऊन ऊसतोडीले निघाला होता. दिवाळी झालेली, तांड्याच्या तोंडाशी ट्रक उभा, सगळ्यांची भांडीकुंडी चढलेली, आणि वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. ट्रक त्यांना सोडून निघून गेला. त्या साली माझा भाऊ तोडीले गेलाच नाही. म्हणून ती तारीख त्याच्या डोक्यात पक्की बसलेली. पुढे पोरीले शाळेत घालायची वेळ आली. गुरुजी म्हणाले, नोव्हेंबरची आहे तर अजून वय भरत नाही, पुढच्या वर्षी आणा. माझी वहिनी म्हणाली, पुढच्या वर्षी आम्ही तोडीवर, मग कोण आणते हिले? गुरुजींना दया आली. त्यांनी लिहिली एक जून. तू हसतेस, पण त्या वर्गात सात-आठ लेकरं एक जूनचीच होती. तुझीसुद्धा तारीख जूनचीच आहे ना? मग.

तीच एक जून पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर गेली. इथपर्यंत सगळं बरोबर. पण पोरगी बारावी होऊन कॉलेजात गेली, तेव्हा विद्यापीठाच्या नावनोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. ती तापाने पडलेली. शेवटचा दिवस. तिची मैत्रीण बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन बसली आणि तिने आपल्या पोरीच्या बापाले फोन लावला, की काका, जन्मतारीख सांगा. या महाशयांनी खरी सांगितली. ट्रकवाली. त्याले कोणी काही विचारलं की तो खरंच सांगते, हा त्याचा जुना आजार आहे. कॉलेजात कोणी दाखल्याशी ताडून पाहिलं नाही. तीच तारीख विद्यापीठात गेली आणि मार्कशीटवर छापून आली. पोरीने मार्क पाहिले, नाव पाहिलं, तारखेकडे कोण पाहते?

म्हणजे पाहा, घरातल्या सगळ्या कागदांत एकच कागद खरा होता, आणि आम्हाले तोच दुरुस्त करायचा होता.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत कधी गेले नाही, भावाच्या पाटीवर पाहून पाहून अक्षरं गिरवली, पण तांड्यात अर्ज-बिर्ज लिहायचा तर माझ्याकडेच येतात. मी लिहिलं, "माननीय कुलसचिव साहेब यांना सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, आपली व मुलाबाळांची खुशाली कळवावी." पोरीने वाचलं आणि पदर तोंडात धरून हसत बसली. म्हणाली, आत्या, कुलसचिवाले खुशाली नाही विचारत. म्हटलं, काहून? त्याले लेकरं नाहीत काय? शेवटी तिने खुशाली काढली, वर "मार्फत, मा. प्राचार्य" घातलं आणि विषय लिहिला, पदवी गुणपत्रिकेतील जन्मतारीख दुरुस्त करून मिळणेबाबत. माझ्या अर्जातलं फक्त "विनंती" राहिलं.

अर्ज कॉलेजात दिला. तिथले मोठे बाबू चांगले होते. त्यांनी त्यांच्या प्रवेश रजिस्टरमध्ये पाहिलं, तिथे शाळेच्या दाखल्यावरून एक जूनच लिहिलेली. म्हणाले, मग सोपं आहे, प्राचार्यांचं पत्र जोडून, जावक नंबर टाकून पाठवू. दहावीच्या प्रमाणपत्राची आणि दाखल्याची साक्षांकित प्रत द्या, मूळ मार्कशीट द्या, फी भरल्याची पावती द्या. आणि नोंदणीच्या वेळी मुलगी अठराची नव्हती, तारीख वडिलांनी सांगितलेली, तर वडिलांचं एक शपथपत्र जोडा.

इथे गाडी फसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, बाप-लेक आणि मी, पुसदच्या तहसीलीत. बाहेर टायपिंगवाले बसतात, त्यातल्या एकाने दोन मिनिटांत कागद काढला आणि सही करायच्या आधी वाचून दाखवला. "मी शपथेवर लिहून देतो की, माझ्या मुलीचा जन्म एक जून रोजी झालेला आहे." तुझ्या मामाने पेन खाली ठेवला. शांतपणे म्हणाला, "हे मी नाही लिहून देत. त्या दिवशी नाही झाली ती."

टायपिंगवाला म्हणाला, भाऊ, सगळेच देतात. हा म्हणाला, देत असतील.

तू शहरातली झालीस, तुले सोगन, म्हणजे आपल्यातली शपथ, काय असते ते सांगायले पाहिजे. आपल्या तांड्यात भांडण नायकापुढे गेलं आणि कोणी सोगन घेतली, की तिथे विषय संपतो. मग त्याले कोणी उलटं विचारत नाही. म्हणून खोटी सोगन घेणाऱ्याचं घर लोक पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. तुझा मामा तर या गोष्टीत आमच्या बापाच्याही वरचा. एकदा शेजाऱ्याशी बकरीवरून भांडण होऊन सोगन घ्यायची वेळ आली, तर हा म्हणाला, मी अंधारात पाहिली, पांढरी होती की भुरकी मले नक्की नाही, आणि स्वतःचाच दावा सोडून आला. बकरी आमचीच होती!

घरी आलो. मी त्याले समजावलं, वहिनीने समजावलं, वहिनीच्या माहेरच्यांनी फोनवरून समजावलं. मी म्हटलं, अरे सरकारी कागद आहे तो, देवापुढची सोगन थोडीच. तर म्हणतो, "बाई, कागदावर 'शपथेवर' लिहिलं हाय का नाई? मग सोगनच हाय ते." वहिनी चिडून म्हणाली, त्या वर्षी ट्रकमध्ये बसून गेलो असतो तर बरं झालं असतं, रस्त्यात झाली असती, तारीख कोणालेच कळली नसती. तो त्यावरही हसला नाही. त्याचा जीव जळतच होता. पोरीची नोकरी जाईल हे त्याले दिसत नव्हतं असं नाही. दोन दिवस नीट जेवला नाही. पण सही म्हटलं की उठून गोठ्यात जायचा.

आणि मुदत तर चालूच होती.

पोरगी मात्र बापाशी एका शब्दाने भांडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉलेजातल्या बाबूले फोन लावला आणि विचारलं, विद्यापीठाले नेमकं काय पाहिजे, मी कधी जन्मले ते, की दहावीवर काय लिहिलं आहे ते? बाबू म्हणाले, अगं, तुझ्या जन्माशी विद्यापीठाचं काय घेणंदेणं? दहावीच्या कागदाशी त्यांचा कागद जुळला पाहिजे, एवढंच. जन्माची तारीख ठरवायचा त्यांना अधिकारच नाही.

तिने फोन ठेवला आणि गोठ्यात गेली. मी मागोमाग. बाप गाईले चारा टाकून राह्यला होता.

ती म्हणाली, "बा, माझ्या दहावीच्या कागदावर एक जून लिहिलं हाय, हे खरं हाय का खोटं?"

"लिहिलं तर हाय."

"आन् कॉलेजच्या फॉर्मले नोव्हेंबरची तारीख तुम्हीच सांगितली, हे?"

"मीच सांगितली. खरी सांगितली."

"मंग एवढ्याचीच सोगन घ्या. मी कवा जन्मली ते लिहूच नका."

त्याने हातातला चारा गाईपुढे टाकला, हात झटकले. मग म्हणाला, "मले आधी वाचून दाखवतील?"

परत तहसील. तोच टायपिंगवाला. या खेपी पोरीने सांगितलं आणि त्याने टाइप केलं: माझ्या मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रात व शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख एक जून अशी नोंद आहे. विद्यापीठाच्या नावनोंदणी अर्जात मी सांगितल्यावरून वेगळी तारीख भरली गेली. हे सर्व कागद माझ्या एकाच मुलीचे आहेत. तुझ्या मामाने ते दोनदा वाचून घेतलं. मग "एकाच मुलीचे" यावर बोट ठेवून म्हणाला, हे सगळ्यात खरं हाय, हे वर घ्या. टायपिंगवाल्याने कपाळावर हात मारला, पण वर घेतलं. आत साहेबासमोर उभं राहून याने सही केली. साहेबाने नुसतं विचारलं, मजकूर खरा आहे ना? तर हा म्हणतो, "आता हाय."

पुढचं मग सरळ झालं. कॉलेजने जावक नंबर टाकला. पण मुदत थोडी उरलेली, म्हणून पोरगी स्वतः एसटीने विद्यापीठात गेली, मी सोबत. तिथल्या आवक खिडकीवर अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. तिथून कागद परीक्षा विभागात गेला. तिथल्या मॅडमने दहावीचं प्रमाणपत्र पाहिलं, कॉलेजचं पत्र पाहिलं, शपथपत्र वाचलं आणि म्हणाल्या, असं शपथपत्र पहिल्यांदाच पाहिलं, यात जन्म कुठे आहे? मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरीने माझा हात दाबला. मॅडमच म्हणाल्या, असू द्या, आम्हाले दहावीच लागते. जुनी मार्कशीट त्यांनी ठेवून घेतली, नवी कॉलेजमार्फत आली. त्यावर एक जून.

मुदतीच्या आत पडताळणी झाली. पोरगी कामावर लागली, उमरखेडले.

आता घरात सगळे कागद एकमेकांशी जुळतात. तुझ्या मामाने नवी मार्कशीट हातात घेऊन पाहिली, म्हणाला, चांगली छापली. आणि दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये त्याने अख्ख्या तांड्याले जेवायले बोलावलं. काहून म्हणून विचारलं तर कोणालेच काही सांगेना. पोरगी उमरखेडहून आली, तिच्या ताटात त्याने आधी वाढलं, मग बाकीच्यांना. आम्हाले कळायचं ते कळलं.

यंदाही करणार आहे म्हणतो. त्याच ट्रकवाल्या तारखेले. ती मले विचार, कागदात शोधू नको, तिथे सापडायची नाही. नेरहून सकाळची गाडी धर आणि लेकरांना घेऊन ये. त्यांची कधीची वाट पाहून राह्यली मी. नक्की ये बाई.