भाव न वाढवलेला तालुका

जालन्याच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात दुकानदारांच्या ऑर्डरी संगणकावर चाळून मालकाला शहाणपण पुरवणं, ही माझी नोकरी. शहाणपणाला फारशी मागणी नव्हती, पण पगार वेळेवर व्हायचा.

शेठनी घनसावंगीत पोत्याचा भाव दहा टक्के वाढवला, अंबडला जुनाच ठेवला. दोन महिन्यांत घनसावंगीच्या ऑर्डरी वीस टक्क्यांनी वाढल्या. शेठनी पेढे वाटले. "बघा, भाव वाढवला तर माल उलट जास्त जाऊन राह्यला! मंग अंबडलाबी वाढवू."

अंबडचे विक्रेते काका माझ्या टेबलाशी येऊन बसले. तिथलं एकेक दुकान त्यांनी मोटारसायकलवर हिंडून जोडलेलं, आणि कमिशनवरच त्यांचं घर चालायचं. "ताई, भाव वाढला तर माझी दुकानं दुसरा कंपनीवाला घेऊन जाईल. शेठला सांगा ना कायतरी."

मला राग आला होता आणि पेढाही खाऊन झाला होता. तशीच केबिनमध्ये गेले. म्हटलं, "शेठ, त्या दोन महिन्यांत ऊसतोड सुरू झाली, टोळ्या बैल घेऊन आल्या. मागणी त्या बैलांनी वाढवली, आपल्या भावानं न्हाई. भाव न वाढवलेल्या अंबडला तर ऑर्डरी पन्नास टक्के वाढल्यात. गेल्या वर्षी याच महिन्यांत दोन्ही तालुके बरोबरीनं वाढले होते. म्हणजे भाव तसाच ठेवला असता तर घनसावंगीत शंभराची दीडशे पोती झाली असती. झाली एकशेवीस. भाव दहा टक्के वर, मागणी वीस टक्के खाली. नुसतं आधी आणि नंतर बघितलं तर हंगाम आणि भाव यांची खिचडी होते."

शेठनी मन लावून ऐकलं. "बराबर आहे. हंगाम बघायलाच पाहिजे." मग त्यांचा चेहरा खुलला. "अंबडला पन्नास टक्के वाढ? मंग तिथं तर भाव वाढवलाच पाहिजे!"

अंबडला वाढवला, मग जिल्हाभर वाढवला.

ऊसतोड संपली, टोळ्या गावी गेल्या. अंबडच्या ऑर्डरी निम्म्याहून खाली आल्या. दुसरा कंपनीवाला खरंच आला होता, काका डोळ्यांनी बघून आले होते. मी त्यांना घेऊन केबिनमध्ये गेले.

शेठ हसले. "ताई, तुम्हीच शिकवलं न्हाई का? नुसतं आधी-नंतर बघायचं न्हाई. हंगाम उतरला."

"गेल्या वर्षी हंगाम उतरल्यावर ऑर्डरी इतक्या पडल्या नव्हत्या."

"गेल्या वर्षीचा पाऊस निराळा होता. भाव न वाढवलेला तालुका दाखवा, मंग बोलू."

तसा तालुका त्यांनी एकही ठेवला नव्हता. माझ्याच युक्तिवादाची त्यांनी चटणी केली होती.

बाहेर आल्यावर काकांनी गाडीची किल्ली खिशातून काढली. "ताई, तुम्ही लई चांगलं समजावून सांगितल्तं," ते म्हणाले. "शेठला आता सगळं समजतं."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला रडू आलं.