खारट लागलेली ढेप

शरच्चंद्र आगटे यांनी गुळाची एक ढेप पंधरा वर्षे न वापरता का सांभाळली, या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. ती कोठून आली, आणि तिच्यामुळे काय तुटले, एवढे मात्र सांगता येते.

आगटे हे सदाशिव पेठेतील एका विद्यार्थी वसतिगृहाचे कोठीवाले होते. साठ मुलांच्या जेवणाचे धान्य, तेल आणि गूळ त्यांच्या ताब्यात असे. लग्न केले नव्हते. नातेवाईक होते, पण येण्याजाण्याइतके नव्हते. कोठीला लागून असलेल्या खोलीत ते राहत. मुले दर दोन-तीन वर्षांनी बदलत, आणि त्यांच्याशी आगट्यांचे बोलणे वाढप्यामार्फत होई.

वर्षातून एकदा त्यांच्याकडे पाहुणा येत असे. फाल्गुनात खराडीचे हिंदुराव आपल्या गुऱ्हाळाचा गूळ बैलगाडीतून घेऊन येत. दहा-दहा किलोंच्या तीस ढेपा उतरवून झाल्या की दोघे कोठीच्या उंबऱ्याशी बसत आणि उन्हे कलेपर्यंत बोलत. १९६० पासून हा क्रम एकदाही चुकला नव्हता. हिंदुरावांसाठी आगट्यांनी एक वेगळा पितळी पेला ठेवला होता. एरवी तो फडताळात पालथा असे.

गूळ पारखण्यात आगट्यांचा अधिकार मोठा होता. ते प्रथम ढेपेचा कोपरा फोडून आतला रवा पाहत; चांगला गूळ कडक असतो, त्याच्या तुकड्यात खडीसाखरेसारखी बारीक चमक दिसते आणि तो बोटांना चिकटत नाही. मग चिमूटभर गूळ कोमट पाण्यात विरघळवून तळाशी गाळ बसतो का ते पाहत. शेवटी एक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटत. दुधाची परीक्षा त्यांना पुरेशी वाटत नसे. "दूध फाटलं तर गूळ आंबूस आहे एवढंच कळतं," ते म्हणत, "पावडरीबद्दल दूध काही बोलत नाही."

ही पावडर म्हणजे हायड्रॉस. उकळत्या रसात ती टाकली की काळसर गूळही पिवळाधमक उतरतो. ग्राहक पिवळ्या रंगाला भुलतो, म्हणून त्या काळात तिचा वापर वाढत होता. असा गूळ जरा खारट, कडवट लागतो. ताजा असताना त्याला काडीपेटीच्या गुलासारखा वासही येतो. त्याचा रंग उसना असतो. महिना-दोन महिन्यांत हवा लागेल तिथून ढेप काळवंडत जाते आणि फोडली तर आत फिकट राहिलेली दिसते.

१९७४च्या फाल्गुनात हिंदुरावांनी गाडीवरचे गोणपाट काढले, तेव्हा ढेपा नेहमीपेक्षा उजळ होत्या.

"यंदा रंग चढलाय, हिंदुराव."

"नवा गुळव्या ठेवलाय, पंत. त्यो रानभेंडीचा चीक सढळ घालतो. मळी सगळी वर येती."

आगट्यांनी कोपरा फोडला. रवा चांगला होता. पाण्यात गाळ बसला नाही. मग त्यांनी खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. गूळ खारट होता.

स्वयंपाकी आणि चार-पाच मुले भोवती उभी होती. आगटे डोळे उघडून म्हणाले, "भेंडी हल्ली डब्यात मिळते वाटतं. पांढऱ्या पावडरीच्या."

मुले हसली. हिंदुरावांनी पागोटे सारखे केले. "पंत, वास घेऊन बगा."

"वास जातो. जीभ खोटं बोलत नाही."

"मग माझीच बोलत आसंल," हिंदुराव म्हणाले.

ते गाडीकडे गेले, ढेपांवर पुन्हा गोणपाट टाकले, पण एक ढेप उचलून त्यांनी उंबऱ्यावर ठेवली. "ही ऱ्हाऊ द्या. आखाड लागला की बगा." पितळी पेल्यातले पाणी तसेच राहिले.

आगट्यांनी बाजारातून तपकिरी गूळ आणला. तो नेहमीच्या पद्धतीने ठेवला: विटांवर फळ्या, फळ्यांवर गव्हाचा भुसा, भिंतीपासून वीतभर अंतर, कारण पलीकडे मोरी होती आणि त्या भिंतीला ओल धरत असे. प्रत्येक ढेपेला कोरडे फडके, त्यावर मेणकागद, वरून गोणपाट. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उघडा गूळ दगड होतो, म्हणून एका वेळी एकच ढेप फोडायची आणि चिरलेला गूळ चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ठेवायचा. मृगापूर्वी सगळा माल झाकणाच्या पत्र्याच्या पिंपांत जाई आणि झाकणाची फट कणकेने लिंपली जाई.

हिंदुरावांच्या ढेपेचा मात्र त्यांनी एक तुकडा काढून खिडकीत उघडा ठेवला. चैत्र गेला, वैशाख गेला. तुकडा वाळून कठीण झाला, पण काळवंडला नाही. मोडून पाहिला, तर बाहेरचा आणि आतला रंग एकच होता. आषाढात त्यांनी पिंप उघडले. बाजारचा गूळ कोरडा होता. त्याच पिंपात, तशाच फडक्यात गुंडाळलेल्या हिंदुरावांच्या ढेपेला मात्र घाम फुटला होता. तिचाही रंग बदललेला नव्हता; म्हणजे पावडर नव्हती.

गुळातले मीठ हवेतली ओल ओढते, हे त्यांना ठाऊक होते. मागच्या वर्षीच्या ढेपेचा एक खडा बरणीच्या तळाशी उरला होता. तो त्यांनी तोंडात टाकला. तोही किंचित खारट होता. त्या वर्षी त्यांच्या ते लक्षात आले नव्हते, कारण तेव्हा रंगाने संशय जागा केलेला नव्हता.

त्यांनी हिंदुरावांना पोस्टकार्ड टाकले. उत्तर आले नाही. भाद्रपदात ते बसने खराडीला गेले.

गुऱ्हाळात रस आटवायची काहील पालथी घातली होती आणि चुलाणात गवत उगवले होते. हिंदुराव बांधावर बसले होते. समोर वावर होते; पाण्याच्या पाटाजवळ मातीवर पांढरा पापुद्रा धरला होता.

"जमीन खारावली," आगटे म्हणाले.

"धा-बारा वर्सं नुसता ऊस अन् पानी. रान फुगलं. मीठ वर आलं. त्येच उसात उतरलं."

"माझं चुकलं, हिंदुराव."

"तुमची जीभ न्हाई चुकली. खारं ते खारंच." हिंदुराव म्हणाले. "पर चौदा साल येत हुतो. इच्चारलं आसतं, तर सांगितलं आसतं."

घरातून चहा आला. तो साखरेचा होता. दोघांनी तो प्याला.

"फाल्गुनात या. नुसतेच या."

"गूळ न्हाई, मग गाडी कशाला जुपायची?" हिंदुराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच आगट्यांना अधिक लागले असावे. ते शेवटच्या बसची वाट न पाहता चालत निघाले.

त्यानंतरच्या प्रत्येक फाल्गुनात आगटे गूळ बाजारातूनच आणत. त्याला कुठे नावे ठेवायला जागा नसे. माल उतरला की ते पितळी पेला घासून उंबऱ्यावर ठेवत आणि उन्हे कलली की पुन्हा फडताळात पालथा घालत. हिंदुरावांची ढेप वेगळ्या डब्यात होती. दर मृगापूर्वी ते तिचे फडके बदलत, पाऊस सरला की सावलीत वारा देत, पुन्हा गुंडाळत. इतक्या वर्षांत ती काळी पडली होती. कोणताही गूळ पडेल तेवढीच. तिच्यातला एक खडाही त्यांनी पुन्हा चाखला नाही. १९८९ साली त्यांनी खोली सोडली, तेव्हा डबा बरोबर नेला.

हिंदुरावांच्या त्या वावरावर २००३ साली संगणक कंपनीच्या कार्यालयाची सात मजली इमारत उभी राहिली.