हिरव्या पडद्यापुढचा मुलगा

देवीदासभाऊंचा मला राग येतो असं मी सांगितलं, तर राजापेठेत कुणी विश्वास ठेवणार नाही. शिकवणीच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ आहे, मी तिथे पाच वर्षांपासून एडिटिंग करते, आणि सगळे म्हणतात की देवीदासभाऊंसारखा शांत माणूस अमरावतीत नाही. तेच तर. ज्या कामाची कुणालाही किळस यावी, ते काम हा माणूस शांतपणे स्वीकारतो, आणि वर ते नीट करायचा हट्ट धरतो.

आधी माणूस सांगते. पंचावन्नीचे, बारीक, खिशात कायम सुपारीची डबी. दाताखाली सुपारी असली की बोलत नाहीत, आणि सुपारी जवळजवळ नेहमीच असते. पंचवीस वर्षं लग्नं शूट केली. माणसामागचं दृश्य बदलायला पहिल्यांदा हिरवा पडदा आणला तेव्हा एका नवरीला हिरव्या शालूतच त्यासमोर उभं केलं. कॉम्प्युटरने पडद्यासोबत शालूही काढून टाकला, आणि बर्फाच्या डोंगरावर नवरीचं नुसतं डोकं अन् दोन हात तरंगत राहिले. आमच्याकडे लग्नात हिरवं नेसू नका असं नवरीला कोण सांगणार? तेव्हापासून त्यांनी निळा कपडाही आणून ठेवला. हिरवं नेसून आलात तर मागे निळा, निळं घालून आलात तर हिरवा.

दर रविवारी नवीन पोरापोरींना ते हे फुकट शिकवतात. मीही तशीच शिकले, बडनेऱ्याहून ये-जा करत. पडद्याला आधी इस्त्री, कारण सुरकुतीची सावली म्हणजे वेगळाच हिरवा. पडद्याचे दिवे वेगळे, माणसाचे वेगळे. पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. माणूस पडद्यापासून निदान आठ फूट पुढे. हे सांगून झालं की ते एखाद्या पोराला पडद्याला चिकटून उभं करतात आणि कॅमेऱ्यात त्याचा कान दाखवतात. कान हिरवा. मग म्हणतात, "पडद्याचा रंग माणसावर उडतो. कॅमेऱ्यात उडू देला तर मंग कॉम्प्युटरवर घासत बसा." घासत कोण बसतं, तर मी.

आता चमच्याचं काम सांगते.

गेल्या वर्षी वलगावचे नत्थुजी वारले. दोन वर्षं लकव्याने खाटेवर होते, उजवा हात गेलेला, वाचा गेलेली. त्यांचा मुलगा विपुल अकोल्याला क्लास चालवतो. दोन वर्षांत तो आला तीन वेळा, आणि तिसऱ्या वेळी खांदा द्यायला. बापाचं सगळं केलं ते मुलीने, रागिणीने. शाळेतली नोकरी सोडून ती माहेरी येऊन राहिली होती. गावात तिच्याबद्दल काय बोललं जायचं, तर घरावर डोळा ठेवून बसली आहे. आणि तिची आई, पार्बताबाई, लेकाचा मान जाऊ नये म्हणून तोंड शिवून होत्या.

रागिणीच्या फोनमध्ये चाळीस सेकंदांचं एक चित्रण होतं. बाबांना गिळता येतं की नाही हे डॉक्टरांना दाखवायला तिने ते काढलं होतं. समोर स्टुलावर तांब्याला फोन टेकवून ती त्याच्या मागे वाकून बसलेली. चित्रात नत्थुजी उशीला टेकलेले, खिडकीचा उजेड डावीकडून, आणि फोनच्या उजव्या बाजूने तिचा हात पुढे येतो, वरणाचं पाणी चमच्याने पाजतो. बस एवढंच. त्यात ती स्वतः दिसत नाही, फक्त हात दिसतो.

विपुलला तेरवीच्या मांडवात मोठ्या टीव्हीवर हे लावायचं होतं. फक्त त्या हाताच्या जागी तो हवा होता. म्हणजे तोच खाटेपाशी बसलेला, त्याच्याच हातात चमचा, आणि बाप त्याच्याकडे पाहत घोट घेतोय. सगळी भाऊबंदकी पाहील, क्लासच्या पोरांचे आईबाप पाहतील. हे तो आमच्यापुढे हसत सांगत होता, जणू पत्रिकेचा मजकूर देतोय. चमचा कसा धरायचा ते दाखवायला त्याने रागिणीलाही सोबत आणलं होतं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तिच्या दोन वर्षांची गावाला पटेल अशी एकच खूण होती, तो हात, आणि तो पुसायचा कसा याची बोलणी तिच्यासमोर चालली होती. मी देवीदासभाऊंकडे पाहिलं. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि पडद्याची इस्त्री लावली.

विपुल पांढराशुभ्र कुर्ता घालून आला होता. तो थेट पडद्याला टेकून बसला आणि म्हणाला, पडद्यावर दिवे फुल मारा. देवीदासभाऊंनी त्याला आठ फूट पुढे आणून बसवलं, पडद्यावरचे दिवे उलट मंद केले, कारण पडदा जितका जास्त भडक, तितका त्याचा रंग अंगावर उलटतो. पांढरा कुर्ता तर उडालेला रंग लगेच दाखवतो. घरच्या चित्रात खिडकी डावीकडे, म्हणून इथे डावीकडून मोठा दिवा, त्यापुढे पांढरं धोतर ताणून उजेड मऊ केलेला. केसांच्या कडा पडद्यापासून सुट्या दिसाव्या म्हणून मागून वरून एक बारका दिवा. कॅमेरा बरोबर त्या स्टुलाच्या उंचीवर, तेवढ्याच अंतरावर. चमचा स्टीलचा, तो हिरवा चमकू लागला, तर त्याला पावडर चोळून मंद केला. इतकी निगुतीने केलेली घाण मी आयुष्यात पाहिली नव्हती.

अडलं नजरेपाशी. पाहणाऱ्याला खरं वाटायचं असेल तर माणसाने हवेत पाहून चालत नाही, समोरचा जिथे असेल तिथेच, त्याच उंचीवर पाहावं लागतं. देवीदासभाऊंनी मोजमाप करून बापाचे डोळे येतील तिथे एका काठीला लाल चिकटपट्टी लावली. विपुलची नजर पट्टीवरून दर वेळी सुटायची आणि बाजूच्या टीव्हीवर जायची, स्वतःला बघायला. टीव्ही बंद केला. मग तो पट्टीकडे असा पाहू लागला, जसा माणूस भिंतीवरच्या पालीकडे पाहतो. सात वेळा घेतलं, सातही वाया गेले.

शेवटी देवीदासभाऊंनी सुपारी थुंकली. म्हणजे आता बोलणार.

"चिंधीकडे पाहून माया येत नाही," ते म्हणाले. "समोर माणूस लागते. ताई, तुमी बसता काय बाबांच्या जागी?"

मला वाटलं ती उठून निघून जाईल. ती आली. खाली फळीवर उशीला टेकून बसली, डोळे पट्टीच्या उंचीवर आले. विपुलने चमचा पुढे केला. आपल्या बहिणीपुढे, जिने तो चमचा दोन वर्षं धरला तिच्यापुढे.

"कपाळाकडे नका पाहू, डोळ्यात पाहा," देवीदासभाऊ म्हणाले. "दोन बोटांचा फरक आहे, पण कळते."

विपुलला जमेना. नवव्या वेळी कसंबसं काही सेकंद त्याने तिच्या डोळ्यात पाहिलं, आणि मग उठून पाणी मागितलं. तेवढे सेकंद पुरेसे होते. रागिणी फळीवरून उठता उठता एवढंच म्हणाली, "दादा, चमचा थोडा तिरपा धरत होती मी. सरळ धरला का त्याइले ठसका लागे."

मग देवीदासभाऊंनी विपुलला कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि घरचं चित्र थांबवून दाखवलं. म्हणाले, तुमची नजर मी जुळवली. बाबांची मला हलवता येणार नाही. ते फोनच्या जरा वर पाहतात, कारण चारणारी तिथे होती. तुम्हाला त्यांच्या नजरेत आणायचं तर तुमची पाठ कॅमेऱ्याकडे करावी लागेल. विपुलला ते मान्य नव्हतं. चेहराच दिसला नाही तर उपयोग काय, असं त्याने विचारलं. देवीदासभाऊंनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. विपुल म्हणाला, एवढं बारीक कोण पाहतं. तेव्हा त्यांनी नवीन सुपारी तोंडात टाकली.

तीन दिवस मी त्या चित्रावर बसले. पडदा काढला, कुर्त्याच्या बाहीवरची हिरवी झाक काढली, जपून, कारण जास्त काढली की कातडी राखेसारखी होते. रागिणीचा हात विपुलच्या दंडाखाली जवळजवळ पूर्ण झाकला गेला. तिच्या दोन बांगड्या थोड्या डोकावत होत्या, त्याही मीच पुसल्या. माझ्या हातांनी. देवीदासभाऊंना मी म्हटलं, हे पाप आहे. ते म्हणाले, "संध्या, जे आपल्यानं होते ते नीट कर. जे होत नाही ते त्याले दोनदा सांगतलं."

एरवी ते पेनड्राइव्ह देऊन मोकळे होतात. या वेळी टीव्ही लावायला स्वतः वलगावला गेले, आणि मलाही नेलं.

मांडवात दुपारची पंगत उठली होती. दीड-दोनशे माणसं. विपुल पुढे, त्याच पांढऱ्या कुर्त्यात. चित्र सुरू झालं. काम बेमालूम झालं होतं, हे मला लाज वाटत असतानाही कळत होतं. मोठमोठी माणसं डोळे पुसू लागली. एक काका म्हणाले, पोरगा असावा तर असा. मांडवाच्या कडेला रागिणी पत्रावळी गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

मला तिथे उभं राहवेना. मी टीव्हीसमोरून बाजूला झाले, आणि तेव्हा लक्षात आलं. नत्थुजी माझ्याकडेच पाहत होते. मी डावीकडे सरकले, तरी माझ्याकडेच. फोनच्या अगदी जवळ पाहणारं माणूस, तुम्ही मांडवात कुठेही बसा, तुमच्याचकडे पाहतं. ते सगळ्यांकडे पाहत होते. फक्त शेजारी चमचा घेऊन बसलेल्या मुलाकडे तेवढे पाहत नव्हते.

बायकांमधून पार्बताबाई उठल्या. काठी टेकत टीव्हीपाशी आल्या. विपुल म्हणाला, आई, बस. त्या बसल्या नाहीत.

"हे तुह्याकडे नाही पाहून राहिले, बाप्पा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. "हे रागिणीकडे पाहून राहिले. दोन वर्स ते तिच्याचकडे पाहत होते. तू कुठी होता तवा?"

विपुलने देवीदासभाऊंना खूण केली, बंद करा. रिमोट त्यांच्याच हातात होता. त्यांनी बटण दाबलं आणि चित्र थांबलं, पण टीव्ही बंद झाला नाही. नत्थुजी तोंड किंचित उघडून, घोटाची वाट पाहत, समोर बघत राहिले. देवीदासभाऊ सुपारी चघळत उभे होते.

पार्बताबाईंनी रागिणीला हाक मारली. ती पत्रावळी ठेवून, हात पदराला पुसत आली. आईने तिला टीव्हीच्या बरोबर समोर, पहिल्या सतरंजीवर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या. मघाचे ते काका मान खाली घालून चपला शोधू लागले. रागिणीने वर पाहिलं. बापाच्या डोळ्यात पाहताना तिचा उजवा हात मांडीवर होता, बोटं जराशी तिरपी, चमचा धरल्यासारखी.