क्लॅरिनेटवरचा कर

शहापूरच्या कुरिअर ऑफिसात मी कामाला होते, तेव्हा शेणव्याच्या एका बँडवाल्या काकांचं पार्सल आलं. त्यांनी परदेशातून क्लॅरिनेट मागवलं होतं. मी फोन करून सांगितलं, "काका, आयात शुल्क आणि जीएसटी आमच्या कंपनीने कस्टमला भरलाय. तो तुम्हाला डिलिव्हरी घेताना द्यावा लागेल."

"वाद्याचं पैसं मी कवाच भरलं. फसवायला मीच सापडलो का गो?" त्यांनी फोन ठेवला.

पुन्हा लावला तर काकूंनी उचलला. "ते वारले," त्या शांतपणे म्हणाल्या. मागून काकांचा आवाज आला, "दहावा पण झाला म्हणून सांग."

शेवटी डिलिव्हरीच्या गाडीत बसून मीच शेणव्याला गेले. काका ओट्यावर चहा पीत होते. मी त्यांना कस्टमची पावती दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"आधी वाद्यावर शुल्क, मग वाद्य आणि शुल्क मिळून त्यावर जीएसटी? म्हंजे कराला पण कर?"

"हो. मागवताना साइटवर लिहिलं होतं, कर वेगळे."

"ते इंग्रजीत होतं," काका म्हणाले. "आधी वाजवून बघतो, मग देतो."

"आधी पैसे, मग खोकं उघडायचं."

कुरकुरत त्यांनी पैसे दिले, खोकं उघडलं, भाग जोडले आणि डोळे मिटून फुंकर मारली. रेडकू हंबरल्यासारखा आवाज निघाला. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

काकू दारातून म्हणाल्या, "सरकारनं यावर अजून लावायला पायजे होता."