मेलेलं ऑप्शन

डीलिंग रूममध्ये त्यांना सगळे मांत्रिक म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि ते चिडत नसत. एक्स्पायरीच्या दिवशी, म्हणजे ऑप्शनचा शेवटचा दिवस असेल तेव्हा, बाजार बंद व्हायला पाच मिनिटं उरली की हा माणूस आपण विकलेली सगळी मेलेली, म्हणजे आता कोणी वापरणार नाही अशी, ऑप्शन्स पाच-पाच पैशांना परत विकत घेत बसे. जे आपोआप मरणार आहे, त्याच्यावर पैसे घालणारा माणूस धंद्यात वेडाच ठरतो. त्यात हा गेली चौदा वर्षं हेच करत होता. "मांत्रिकबुवा, भुतं बांधून झाली का?" असं कोणीतरी विचारायचं आणि ते "झाली, आता चहा सांगा" म्हणायचे. लोक हसायचे. चेष्टेत जगणं सोपं असतं, कोणी कारण विचारत नाही.

कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यांच्या डावीकडच्या टेबलावर पूर्वी त्यांचा मित्र बसायचा. एकाच वर्षी दोघं नोकरीला लागले, एकाच डब्यातून जेवले, एकमेकांच्या लग्नात मिरवले. आता त्याच जागेवर त्या मित्राची मुलगी बसत होती. तीस वर्षांची, हुशार, आणि बापासारखीच दोन्ही हातांनी टाइप करता करता तिसऱ्याशी भांडणारी. ती त्यांना काका म्हणायची. नोकरी तिने स्वतःच्या जोरावर मिळवली होती, काकांनी शिफारस केली नव्हती. खरं सांगायचं तर तिचं नाव यादीत बघून त्यांनी ती यादी उलटी करून ठेवली होती.

त्या शुक्रवारी तिने सकाळी एका शेअरचे चारशेचे कॉल विकले होते, दीड रुपयाच्या भावाने. आठशे लॉट, दर लॉटमागे शंभर शेअर. म्हणजे ऐंशी हजार शेअर चारशेच्या भावाने मागून घेण्याचा हक्क तिने लोकांना विकला होता. शेअर चारशेच्या खाली राहिला तर तो हक्क कोणी वापरणार नाही आणि दीड तिच्या खिशात. वर गेला तर तिला ते शेअर द्यावे लागणार. म्हणून तिला हाताशी शेअर ठेवावे लागत होते. किती, हाच तर सगळा घोळ होता.

महिनाभर उरला असता तर अर्धे धरून निवांत बसता आलं असतं. पण शेवटच्या दिवशी, भाव नेमका स्ट्राइकला, म्हणजे त्या ठरलेल्या चारशेला, चिकटलेला असताना, निवांत असं काही नसतं. भाव चारशेवर वीस पैसे गेला की शेअर द्यावे लागण्याची शक्यता एकदम वाढे, म्हणून ती घाईने शेअर घेई. भाव तीनशे नव्याण्णव ऐंशीला आला की ते शेअर अंगावर नकोसे होत, म्हणून विके. महाग घ्यायचे, स्वस्त विकायचे, पुन्हा महाग घ्यायचे. या चाळ्याला गॅमा म्हणतात. जसजशी वेळ सरते तसतसा तो अंगात येतो. दोन वाजल्यापासून तो तिला नाचवत होता आणि सकाळच्या दीडमधला सव्वा त्याने केव्हाच खाल्ला होता.

"काका, हा शेअर चारशेला खिळा ठोकून बसवलाय कोणी," ती म्हणाली. "हलतच नाही."

"हलतोय की. तुला हलवतोय."

ती हसली. मांत्रिकांना हसू आलं नाही. साडेतीनला बाजार बंद होत असे आणि घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. दर एक्स्पायरीला याच सुमारास त्यांना डाव्या कानाशी एक आवाज ऐकू येई. मोठा नाही, भीती वाटावी असाही नाही. शेजारच्या टेबलावरून कोणी सहज विचारावं तसा. काय करू रे, परत घेऊन टाकू का? चौदा वर्षं त्या आवाजाला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आपली ऑप्शन्स तेवढी परत घेतली होती. आज मात्र त्या बाजूला खरंच कोणीतरी बसलं होतं.

"परत घेऊन टाक," ते म्हणाले.

"सगळे? पंचवीस पैसे चाललाय भाव. जे काही उरलंय ते त्यात जाईल. भाव तीनशे नव्याण्णव नव्वद आहे काका. दहा मिनिटांत मरतंय हे."

"बाजार साडेतीनला बंद होतो. ऑप्शन पाचला मरतं."

हे तिलाही ठाऊक होतं. बंद भाव चारशेच्या वर असेल तर हक्क आपोआप वापरला जातो. पण खाली असला तरी ज्याने कॉल घेतलाय त्याला पाच वाजेपर्यंत मुभा असते, मला शेअर हवेत असं तो कळवू शकतो. आणि ज्याने विकलाय त्याला ते सोमवारी सकाळीच समजतं. किती लोकांनी मागितले, त्यातले किती आपल्या वाट्याला आले, तोवर काही कळत नाही. अर्धे शेअर जवळ ठेवावेत तर सोमवारी भाव पडून तेच अंगावर येणार. एकही ठेवू नये तर सगळ्यांनी मागितले की संपलंच.

"दहा पैसे खाली बंद झालेला कॉल कोण मागणार? बातमीबितमी काही नाही. तुम्ही ना, खरंच मांत्रिक आहात." मग ती म्हणाली, "मेलेल्याला कशाला पैसे द्यायचे?"

ते वाक्य तिने कुठून उचललं होतं देव जाणे. डीलिंग रूममध्ये ते कोणीही बोलतं. पण मांत्रिकांच्या हातातला पेन खाली पडला आणि तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही. ते वाक्य त्यांचं होतं. शब्द न् शब्द त्यांचा.

आता गप्प बसलो तर हिच्याशीही आपण तेच केलं असं होईल, हे त्यांना लख्ख दिसलं. आणि बोललो तर ही आपल्याला पुन्हा काका म्हणणार नाही, हेही तितकंच लख्ख दिसलं. घड्याळात तीन एकवीस झाले होते. चौदा वर्षं हा माणूस भित्राच होता. पण त्या क्षणी तो बोलला.

"तुझ्या बाबांनी परत घ्यायचे ठरवले होते," ते म्हणाले. "त्या शुक्रवारी. ऑर्डर टाइप केली होती, पाच पैशांना. भाव स्ट्राइकच्या पंधरा पैसे खाली होता. बटणावर बोट ठेवून त्याने मला विचारलं, काय करू रे, परत घेऊन टाकू का. मी म्हणालो, मेलंय ते. मेलेल्याला कशाला पैसे देतोस, चल चहा पिऊ. त्याने ऑर्डर पुसली आणि माझ्याबरोबर आला."

तिची बोटं कीबोर्डवरच होती.

"सव्वाचारला बातमी आली, दुसरी कंपनी ती कंपनी विकत घेतेय म्हणून. आम्ही दोघं कँटीनमध्ये टीव्हीवर बघत होतो. कॉल घेतलेल्या प्रत्येकाने पाचच्या आत शेअर मागितले. त्याच्याकडे एकही नव्हता, तासाभरापूर्वी विकले होते. सोमवारी भाव साठ रुपयांनी वर उघडला. पुढचं तुला माहीत आहे."

पुढचं तिला माहीत होतंच. तोटा भरून देण्यात घर गेलं होतं. वर्ष संपायच्या आत बाबा झोपेतच गेले होते.

"बाबा परत घेणार होते?" तिने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"मी बघितलं बोट. रोज बघतो."

ती स्क्रीनकडे वळली. तीन सव्वीस. भाव चारशेवर पाच पैसे, मग तीनशे नव्याण्णव पंच्याण्णव. तिने आठशेची ऑर्डर टाकली, पंचवीसलाच. थोडे मिळाले, उरलेल्यांसाठी तीस दिले. मग जवळचे सगळे शेअर विकून टाकले. बंदची घंटा वाजली तेव्हा तिच्या नावावर काही उरलं नव्हतं. ना कॉल, ना शेअर, ना दिवसाची कमाई. बंद भाव तीनशे नव्याण्णव नव्वद.

मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी तिची स्क्रीन बघितली, मग मांत्रिकांकडे बघितलं. "आणखी एक शिष्य केलात वाटतं," एवढंच म्हणून ते गेले. रूम हळूहळू रिकामी झाली. ती मात्र हलली नाही, म्हणून मांत्रिकही हलले नाहीत. दोघं बातम्यांचा पट्टा बघत बसले. चार वाजले. सव्वाचार वाजले तेव्हा मांत्रिकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. साडेचार झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाचं तरी वाईट व्हावंसं वाटत होतं. एखादी बातमी यावी, भाव उसळावा, म्हणजे या पोरीला वाचवल्याचं तरी पदरात पडेल. पाच वाजले. काही आलं नाही. ते ऑप्शन गुपचूप मरून गेलं, आणि तिने दिलेले पैसे फुकट गेले.

"काहीच झालं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे तुम्ही मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

मांत्रिकांनी आपली स्क्रीन बंद केली.

तिने पर्स उचलली. "आईला बाबांचा फोटो भिंतीवर नको असतो," ती म्हणाली. "म्हणते, हट्टी माणूस, कोणाचं ऐकलं नाही म्हणून आपल्याला रस्त्यावर आणलं. मीसुद्धा तेच म्हणत मोठी झाले. उठा. घरी चला माझ्याबरोबर."

"मी सोमवारी…"

"सोमवारी नाही. आत्ता."

वाटेत ती एकदाही काका म्हणाली नाही. भाड्याच्या इमारतीचे तीन जिने ती पुढे आणि ते मागे, असे चढले. प्रत्येक वळणावर मांत्रिकांना खाली पळून जावंसं वाटलं, आणि प्रत्येक वळणावर डाव्या बाजूने कोणीतरी बरोबर चढत असल्यासारखं वाटलं. ते तिथे नव्हतं हे त्यांना कळत होतं. तरी भिंतीकडची जागा सोडूनच ते चढले.

दार मित्राच्या बायकोने उघडलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता.

"अगंबाई, भाऊजी! किती वर्षांनी. या, बसा." मग मुलीचा चेहरा बघून ती म्हणाली, "काय गं, नुकसान झालं का? झालंच असणार. बापावर गेलीस. त्यांना तरी कुठे कोणाचं ऐकायची सवय होती. ऐकलं असतं ना, तर…"

"वहिनी," मांत्रिक उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाले, "त्याने ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं."